दोन मिनिटांत एक आलेख: पालकसभेच्या स्लाइडखालच्या नोट्स

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३६ मुलं आहेत. जुलैत आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकाचं वाचन तपासलं. जुलै: प्रारंभिक ३, अक्षर ६, शब्द ८, परिच्छेद १२, गोष्ट ७. डिसेंबर: ०, ३, ६, ११, १६. मागे असलेल्या मुलांचा गट आम्ही रोज परिपाठाआधी अर्धा तास घेतो. जानेवारीच्या पालकसभेत मला एक स्लाइड आणि दोन मिनिटं मिळाली आहेत. पालकांत शेतमजूर आहेत, नोकरदार आहेत, काहींना वाचता येत नाही. आलेख कसा काढू आणि खाली नोट्समध्ये नेमकं काय लिहू?

उत्तर:

नोट्स लिहायला बसण्याआधी एक वाक्य पक्कं करा. सभा संपवून घरी गेलेल्या आजीने सुनेला काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? तुमच्या आकड्यांवरून माझ्या मते ते वाक्य असं होईल: "जुलैत सात मुलं गोष्ट वाचत होती, आता सोळा वाचतात, आणि नऊ मुलांना अजून मदत लागते." दोन मिनिटांत यापेक्षा जास्त कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्याकडे दहा आकडे आहेत. ते सगळे स्लाइडवर असू द्यात, पण तोंडाने बोलायचे मात्र तीनच: ७, १६ आणि ९. नोट्स लिहिताना दर वेळी हेच पाहायचं की या तिघांशिवाय चौथा आकडा तर घुसला नाही ना. वर्गातली एकूण मुलं ३६, हे एकदा सांगावंच लागतं, ते सोडून.

केंद्रप्रमुख म्हणून मी अशा बऱ्याच सभांना मागच्या रांगेत बसलो आहे. तिथून जे दिसतं ते पुढे उभं राहणाऱ्याला दिसत नाही. शिक्षक "आता आपण बघू शकतो की..." म्हणतात, तेव्हा पालक अजून कोणता रंग कशाचा हेच शोधत असतात. निष्कर्ष कानावर पडतो आणि चित्र डोळ्यांना कळलेलं नसतं. म्हणून नोट्समध्ये आधी चित्र कसं वाचायचं ते येऊ द्या, मग थोडा थांबा, आणि त्यानंतर चित्र काय सांगतं ते येऊ द्या. अर्धा मिनिट केवळ चित्र ओळखून देण्यात गेला तरी तो वाया जात नाही.

आधी आलेख, कारण नोट्स त्याच्यावर बेततात

उभे दहा खांब काढू नका. प्रत्येक टप्प्याला जुलै-डिसेंबर असे दोन-दोन खांब काढले की पालकांना पाच वेगवेगळ्या तुलना कराव्या लागतात, आणि त्यातली एक त्यांना हमखास चुकीची कळेल. ती कोणती, ते पुढे सांगतो. तुमच्याकडे दोन्ही वेळी तीच ३६ मुलं आहेत. म्हणून दोन आडव्या पट्ट्या काढा, वर जुलै आणि खाली डिसेंबर. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या, आणि प्रत्येकीत पाच तुकडे. डाव्या टोकाला प्रारंभिक, उजव्या टोकाला गोष्ट. रंग एकच घ्या आणि तो डावीकडून उजवीकडे गडद होत न्या. लाल-हिरवा टाळा. काही पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण असं की लाल रंगातली तीन मुलं म्हटलं की सभागृहात लगेच ती तीन मुलं कोण याची कुजबुज सुरू होते.

टक्के काढू नका. ३६ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के. एक मुलगा त्या दिवशी तापात होता आणि अडखळला, तर टक्केवारी लगेच हलते आणि ऐकणाऱ्याला काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटतं. शिवाय "एकोणीस टक्क्यांवरून चव्वेचाळीस टक्के" हे ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर मुलं येत नाहीत. "सातवरून सोळा" ऐकलं की येतात. टक्के लागतात ते वेगवेगळ्या पटाच्या शाळांची तुलना करताना, आणि ते काम केंद्रस्तरावरच्या बैठकीचं आहे.

एक्सेलमध्ये हा आलेख काढताना दोन ठिकाणी अडायला होतं. दोन ओळी आणि पाच रकाने देऊन `Stacked Bar` निवडलंत की एक्सेल बहुधा पाच पट्ट्या काढतं. तेव्हा `Switch Row/Column` दाबा, म्हणजे दोन पट्ट्या होतात. मग डिसेंबर वर आणि जुलै खाली आलेला दिसेल. महिन्यांच्या अक्षावर उजवी क्लिक करून `Format Axis` मध्ये `Categories in reverse order` वर खूण केली की जुलै वर जातो. तुकड्यांवर आकडे छापून घ्या. डिसेंबरच्या डाव्या टोकाला एक ० लोंबकळत राहील, तेवढा निवडून पुसा. बाजूला आपोआप येणारी रंगांची यादीही काढून टाका आणि टप्प्यांची नावं थेट वरच्या पट्टीच्या तुकड्यांवर लिहा. डोळे यादी आणि पट्टी यांच्यात फिरायला लागले की कान बंद होतात.

स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असू द्या. "वाचनस्तर विश्लेषण २०२५-२६" असल्या शीर्षकातून काहीच कळत नाही. "गोष्ट वाचणारी मुलं: जुलैत ७, डिसेंबरमध्ये १६" एवढं लिहा. उशिरा आलेल्या पालकाला तेवढ्यावरूनही मुद्दा कळतो. आणि फॉन्ट युनिकोडच ठेवा, मंगल किंवा निर्मला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात, आणि ते कळतं तेव्हा सभा सुरू झालेली असते.

हमखास चुकीची वाचली जाणारी जागा

परिच्छेदाचा तुकडा बघा. जुलैत १२, डिसेंबरमध्ये ११. गणित जाणणारा एखादा पालक हात वर करणार: "बाई, परिच्छेद वाचणारी मुलं कमी कशी झाली?" प्रश्न वाजवी आहे. तुमच्याकडे उत्तर तयार नसेल तर पुढची सगळी सभा त्या एका मुलावर अडेल.

मधला टप्पा कमी होणं म्हणजे घसरण नव्हे. त्यातून मुलं पुढेही जातात आणि मागून येतातही. समजा जुलैतल्या १२ मधली ९ मुलं गोष्टीपर्यंत पोचली. उरली ३. खालच्या टप्प्यांवर जुलैत ३, ६ आणि ८ मिळून १७ मुलं होती, त्यातली ८ वर येऊन परिच्छेद वाचायला लागली. तीन आणि आठ अकरा. खाली राहिली ९. गोष्टीत आधीची ७ आणि नवी ९ मिळून १६. सगळा हिशेब जुळतो आणि एकही मूल मागे गेलेलं नाही.

पण मी "समजा" म्हटलं ते मुद्दाम. दोन पट्ट्यांवरून एवढंच कळतं की हे असं घडलेलं असू शकतं. प्रत्यक्षात दहा मुलं गोष्टीत गेली असतील आणि जुलैत गोष्ट वाचणारं एखादं मूल डिसेंबरमध्ये परिच्छेदावर आलं असेल, तरी पट्ट्या हुबेहूब अशाच दिसतील. त्यामुळे सभेआधी वर्गाची नोंदवही उघडा आणि मुलागणिक जुलैचा व डिसेंबरचा टप्पा शेजारी शेजारी लिहून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. एकही मूल मागे आलेलं नसेल तर ते छातीठोकपणे सांगता येतं. आलं असेल तर त्या पालकांशी आधीच बोलून घेता येतं. त्याच वेळी हेही बघा की दोन्ही यादीतली ३६ मुलं तीच आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल दिवाळीनंतर पटावर असूनही वर्गात नसतं, किंवा मधल्या काळात एखादा दाखला निघून दुसरा आलेला असतो. बेरीज ३६ आली म्हणजे मुलं तीच आहेत असं होत नाही. तीच नसतील तर दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांचाच आलेख काढा आणि स्लाइडवर तो आकडा लिहा.

नोट्समध्ये हे सगळं बोलायचं नाही. बोलायच्या मजकुराखाली एक रेघ मारा आणि तिच्याखाली "विचारलं तर" म्हणून दोन ओळी ठेवा.

आलेख जे सांगत नाही ते तुम्ही सांगा

ही या स्लाइडमधली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, आणि नेमकी हीच बहुतेक सभांमध्ये गाळली जाते.

तुम्ही वापरलेले पाच टप्पे 'असर' पाहणीत आहेत तेच आहेत. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने ती पाहणी २००५ पासून होते आणि आता हे टप्पे अनेक शाळांमध्ये रोजच्या वापरात आहेत. मुलापुढे आधी परिच्छेद ठेवतात. तो वाक्यासारखा सलग, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट देतात. अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. यातला परिच्छेद पहिलीच्या पातळीचा असतो आणि गोष्ट दुसरीच्या पातळीची. म्हणजे तुमच्या आलेखातला सगळ्यात गडद, सगळ्यात पुढचा टप्पा हा दुसरीचा मजकूर आहे, आणि तुमची मुलं चौथीत आहेत.

पालकांना हे माहीत नसतं. उजवं टोक दिसलं की त्यांना वाटतं, आपलं मूल तिथे आहे म्हणजे झालं. सोळा मुलांचे पालक निश्चिंत होऊन घरी जातील आणि एप्रिलमध्ये परिसर अभ्यासाच्या पेपरात प्रश्नच नीट वाचला नाही म्हणून मूल अडलं की म्हणतील, "बाईंनी तर सांगितलं होतं वाचता येतं." एक वाक्य जास्त बोला. ते बोलल्याने तुमचं काम कमी दिसत नाही. उलट पुढच्या सभेत तुमच्या शब्दाला वजन येतं.

दुसरं, "आमच्या सकाळच्या गटामुळे सुधारणा झाली" असं वाक्य नोट्समध्ये असेल तर "मुळे" काढा. जुलै ते डिसेंबर या पाच महिन्यांत वर्गात रोजचं शिकवणं चालू होतं, मुलं वयाने वाढली, काहींनी घरी वाचलं. गट न घेता किती सुधारणा झाली असती हे बघायला तुमच्याकडे दुसरा वर्ग नाही. "गट चालू आहे आणि तो पुढेही चालू राहील" एवढं पुरेसं आहे. जुलैची तपासणी एका शिक्षकाने आणि डिसेंबरची दुसऱ्याने केली असेल, किंवा दोन्ही वेळी तोच उतारा वापरला असेल, तर तुलनाच कच्ची आहे. उतारा पाठ झालेला होता की खरोखर वाचला, हे आलेख सांगत नाही. तुमचं तसं झालं असेल तर पाच-सहा मुलांकडून नवा उतारा वाचून घ्या आणि मगच सभेत उभ्या राहा.

नोट्स, जशा मी लिहीन तशा

बोलायच्या वेगाचा हिशेब आधी. मराठीत सभेसमोर, माइकवर, सगळ्यांना कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दोन मिनिटांत अडीचशे शब्द बसतील असं धरू नका. माइक हातात घेण्यात, थांबण्यात, मागून कुणी "जरा मोठ्याने" म्हणण्यात वेळ जातो. बोलायचा मजकूर दीडशेच्या आसपास ठेवा. एका ओळीत एकच श्वासाचं वाक्य असावं. काय करायचं ते चौकटी कंसात लिहा, म्हणजे ते चुकून वाचलं जाणार नाही.

> [०:०० – स्लाइड अजून नाही. परिच्छेदाचा कागद हातात.]
> नमस्कार. आपल्या वर्गातल्या ३६ मुलांचं वाचन कसं आहे, तेवढंच सांगते.
> जुलैत आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाला जवळ बसवून असा कागद वाचायला दिला.
> [कागद वर धरा. त्यातलं पहिलं वाक्य वाचून दाखवा.]
>
> [०:२० – स्लाइड लावा.]
> वरची पट्टी जुलैची. खालची पट्टी डिसेंबरची. मुलं तीच.
> डावीकडे फिकट रंगात अक्षरं शिकणारी मुलं. उजवीकडे गडद रंगात सलग गोष्ट वाचणारी मुलं.
> गडद भाग जितका मोठा, तितकं वाचन चांगलं.
> [थांबा. मनात तीनपर्यंत मोजा.]
>
> [०:४५ – पडद्याजवळ जा. तळहात वरच्या पट्टीच्या उजव्या टोकावर.]
> जुलैत गोष्ट वाचणारी मुलं होती सात.
> [तळहात सरळ खाली.]
> डिसेंबरमध्ये सोळा.
> ही गोष्ट दुसरीच्या पातळीची आहे. चौथीचं पुस्तक समजून वाचायला या मुलांनाही अजून सराव हवा.
>
> [१:१० – पडद्यापासून दूर, पालकांकडे तोंड.]
> नऊ मुलं अजून सुटे शब्द किंवा अक्षरं वाचतात.
> त्यांच्यासाठी रोज परिपाठाआधी अर्धा तास आम्ही वेगळा घेतो. त्यांना वेळेवर पाठवा.
>
> [१:३०]
> घरी एकच काम करा. रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि शेजारी बसा.
> वाचून झालं की विचारा, "काय वाचलंस, सांग."
> तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे जमतं.
> तुमचं मूल कुठे आहे, ते सभेनंतर मी एकेकाला सांगते.
>
> ———
> विचारलं तर:
> परिच्छेद १२ चे ११ का? – त्यातली मुलं पुढे गोष्टीत गेली, मागून नवी आली.
> दुसऱ्या तुकडीचं काय? – त्यांचं त्यांच्या बाई सांगतील. मी माझ्याच मुलांचं तपासलं.
> चौथीत येऊनही अक्षरं कशी? – कारणं प्रत्येक मुलाची वेगळी आहेत. त्या पालकांशी स्वतंत्र बोलते.

यातल्या काही जागांमागचं कारण सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या सोयीने बदलता येतील.

सुरुवातीला स्लाइड बंद ठेवायची, कारण स्लाइड दिसली की लोक बघायला लागतात आणि तुमचं पहिलं वाक्य हवेत जातं. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर `B` दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. हातातला कागद तर सोडूच नका. "परिच्छेद-स्तर" म्हणजे काय हे पालकांना शब्दांनी सांगत बसलात तर एक मिनिट जातो. कागदावरचं "आज शनिवार आहे. शाळा सकाळी भरली." असं एखादं वाक्य तुम्ही वाचून दाखवलंत की वाचता न येणाऱ्या आईलाही कळतं की मुलाकडून काय अपेक्षा आहे. तपासणीचा खरा उतारा दाखवू नका, तो पुढच्या वेळी लागेल. तेवढ्याच अवघडपणाची चार वाक्यं स्वतः लिहा आणि मागच्या रांगेतून दिसेल अशा अक्षरात छापा.

तीन सेकंदांचा थांबा लिहून ठेवलेला आहे, कारण तो लिहिला नाही तर कुणीच घेत नाही. पुढे उभं राहिलेल्याला तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. बसलेल्यांना त्या वेळात पट्टी एकदा बघून होते. पालकांना कळलं की नाही याची खात्री करायची असेल तर पंधरा सेकंद काढा आणि समोरच्या एखाद्या पालकांना विचारा, "काका, डिसेंबरमध्ये गोष्ट वाचणारी किती दिसतात?" त्यांनी सोळा म्हटलं तर पुढे जा. अकरा म्हटलं तर त्यांनी शेजारचा तुकडा वाचला आहे. तेव्हा पुन्हा हात ठेवून दाखवा. हा प्रश्न घेणार असाल तर "डिसेंबरमध्ये सोळा" हे वाक्य तुम्ही बोलू नका, त्यांनाच बोलू द्या.

नऊ मुलांविषयी बोलताना पडद्यापासून दूर व्हायचं, हे मी मुद्दाम घातलं आहे. त्या तुकड्यावर हात किंवा लेझरचा ठिपका फिरवत राहिलात तर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: कोण ती नऊ? छोट्या गावात उत्तर लगेच मिळतंही. म्हणून तीन अक्षरांवर आणि सहा शब्दांवर अशी फोडही तोंडाने करू नका. गट जितका लहान तितका चेहरा ओळखीचा. सभेतले फोटो व्हॉट्सॲपवर जाणारच, म्हणून स्लाइडवर नाव, हजेरी क्रमांक किंवा मुलांचा फोटो काही नको. आणि "मागे पडलेली", "कच्ची", "अप्रगत" हे शब्द नोट्समध्ये लिहिलेच नाहीत तर तोंडातून येण्याची शक्यता कमी. "अजून सुटे शब्द वाचतात" हे वर्णन आहे. ते ऐकून आईची मान खाली जात नाही.

घरच्या कामाचं एकच वाक्य ठेवलं आहे. इथे मोह होतो की मोबाइल कमी द्या, वर्तमानपत्र लावा, लवकर झोपवा, हेही सांगून टाकावं. चार सूचना दिल्या की एकही होत नाही. "काय वाचलंस" हा प्रश्न मी धरून ठेवतो, कारण तुमच्या आलेखात फक्त उच्चारून वाचणं मोजलेलं आहे. अर्थ कळला का हे त्यात नाही, आणि ती पोकळी घरचा हा प्रश्न थोडी भरून काढतो. मुलाने उत्तर अहिराणीत, वऱ्हाडीत, गोंडीत, घरी जे बोलतात त्यात दिलं तरी चालेल, असं एकदा सांगा. बऱ्याच घरांत अशी समजूत असते की अभ्यासाचं उत्तर पुस्तकी मराठीतच यायला हवं, आणि त्यापायी मूल गप्प बसतं.

नोट्स प्रत्यक्ष डोळ्यांसमोर राहतील याची तजवीज

पॉवरपॉइंटच्या नोट्स तुम्हालाच दिसाव्यात आणि पडद्यावर फक्त आलेख दिसावा, यासाठी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर `Extend` वर असावे लागतात. शाळेतली यंत्रं बहुधा `Duplicate` वर ठेवलेली असतात, म्हणजे तुम्हाला दिसतं तेच पडद्यावर. `Windows + P` दाबून `Extend` निवडा आणि `Slide Show` टॅबमध्ये `Use Presenter View` वर खूण आहे का ते बघा. गटशिक्षणाधिकारी आणि सरपंच येऊन बसल्यावर ही खटपट करायची वेळ येऊ देऊ नका, आदल्या दिवशी त्याच खोलीत करून बघा. मोबाइलवरून टीव्हीवर दाखवणार असाल तर नोट्सचा भरवसा धरू नका.

खरं सांगायचं तर मी `Print` मध्ये जाऊन `Notes Pages` छापतो आणि तोच कागद हातात ठेवतो. वर आलेखाची छोटी प्रत, खाली मजकूर. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, चष्मा पुसायला वेळ नसतो. मजकूर एका पानात मावत नसेल तर तो दोन मिनिटांत मावणार नाही, हे तिथेच कळतं. वीज गेली तरी कागद हातात राहतो, आणि त्यासाठी आलेख एका मोठ्या कार्डशीटवर स्केचपेनने काढून ठेवलात तर उत्तमच. ३६ मुलं आहेत. एका मुलाला दोन सेंटिमीटर धरलं तर पट्टी ७२ सेंटिमीटरची होते, ती मागूनही दिसते.

सराव उभ्याने, मोठ्याने आणि मोबाइलचं घड्याळ लावून करा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो. एकटीने बोलताना एक मिनिट चाळीस सेकंदांच्या आत आलं तर सभेत दोन मिनिटांत होईल. त्याहून जास्त होत असेल तर सगळ्यात आधी सुरुवातीचं "जुलैत आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाला जवळ बसवून" हे वाक्य छोटं करा. मग गटाविषयीचं एक वाक्य काढा. दुसरीच्या पातळीचं वाक्य आणि शेवटचं "एकेकाला सांगते" हे वाक्य कितीही घाई असली तरी काढायचं नाही. मुख्याध्यापकांनी ऐन वेळी "एकच मिनिट घ्या" म्हटलं तर पट्ट्या ओळखून द्या, सात आणि सोळा दाखवा, या दोन वाक्यांनी संपवा. नोट्समध्ये तेवढ्या ओळींखाली पेनने रेघ मारून ठेवा, म्हणजे तिथे उभं राहून निवड करावी लागणार नाही.

सभेनंतर एकेकाला सांगायचं म्हटल्यावर ३६ पालक एकदम टेबलाभोवती जमतील आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जाईल. त्यासाठी प्रत्येक मुलाची हातभर लांबीची यादी नको, एक छोटी चिठ्ठी पुरे: मुलाचं नाव, जुलैचा टप्पा, डिसेंबरचा टप्पा. घडी घालून हजेरी क्रमांकाप्रमाणे रबराने बांधून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाजूला घेऊन तुम्ही वाचून दाखवा. त्या नऊ मुलांच्या पालकांना मात्र चिठ्ठी देऊन मोकळं करू नका. त्यांना पुढच्या आठवड्यात सकाळच्या गटाच्या वेळी वर्गात येऊन बसायला सांगा. मूल काय वाचतं आणि कुठे अडतं, ते त्यांना तिथे समोरच ऐकता येईल.